एक टेबल, दोन माणसं आणि कॅमेऱ्याचा कोन

एका टेबलाशी दोघांनी बसायचं आणि एकाच कॅमेऱ्यासमोर बोलायचं, ही गोष्ट आता घरोघरी आहे. आजी-आजोबा परदेशातल्या नातवंडांशी बोलतात, नवरा-बायको मिळून क्लास घेतात, दोन भागीदार एकत्र गिऱ्हाइकाशी बोलतात. पण पडद्यावर पाहावं तर एकाचा खांदा चौकटीबाहेर असतो आणि दुसऱ्याचा कान कडेला टेकलेला. मग दोघं एकमेकांवर रेलून, मान वाकडी करून अर्धा तास काढतात. वेबकॅम घ्यायला गेलं की दुकानदार सांगतो, ‘वाइड घ्या, सगळं मावेल.’ तसा घेतला, तर माणसं मावतात आणि त्यांच्यासोबत खोलीही मावते. कपाट, पलंग, दारामागच्या खुंटीवरचे कपडे, सगळं दिसतं आणि चेहरे मात्र लहान होतात.

रुंद कोनाचा कॅमेरा चांगला की अरुंद कोनाचा, या प्रश्नाला नुसत्या कॅमेऱ्याकडे पाहून उत्तर देता येत नाही. तुमचं टेबल किती खोल आहे, खुर्च्या किती रुंद आहेत आणि तुम्ही किती मागे सरकू शकता, या तीन मापांवर ते ठरतं. घरातल्या मोजपट्टीने पाच मिनिटांत ही मापं घेता येतात. ती घेतल्याशिवाय कॅमेऱ्यावर पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आधी खोक्यावरच्या आकड्याबद्दल. वेबकॅमच्या खोक्यावर ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ म्हणून ७८ अंश, ९० अंश असा आकडा असतो. लॉजिटेकचा सी९२० हा बराच खपलेला कॅमेरा ७८ अंशांचा आहे. त्याच कंपनीचा स्वस्तातला सी२७० हा ५५ अंशांचा आहे. सी९३०ई ९० अंशांचा आहे आणि ब्रिओ या महागड्या कॅमेऱ्यात ६५, ७८ आणि ९० असे तीन कोन निवडता येतात. हे आकडे बहुधा कर्णाचे असतात, म्हणजे चित्राच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांना कर्णाचा काही उपयोग नाही. त्यांना आडवी रुंदी हवी असते आणि ती कर्णापेक्षा नेहमी कमीच भरते. आजच्या सोळास नऊ प्रमाणाच्या रुंद चित्रात ७८ अंशांच्या कॅमेऱ्याचा आडवा कोन साधारण ७० अंश येतो आणि ९० अंशांच्या कॅमेऱ्याचा ८२.

अंशांचा हिशेब डोक्यात ठेवणं अवघड जातं. त्याऐवजी एक सोपा गुणक लक्षात ठेवावा. कॅमेऱ्यापासून तुम्ही जितके सेंटिमीटर दूर, त्याच्या किती पट रुंदी चित्रात दिसते, तो हा गुणक. ९० अंशांच्या कॅमेऱ्याचा गुणक सुमारे १.७४ आहे. ७८ अंशांचा १.४१, ६५ अंशांचा १.११ आणि ५५ अंशांचा ०.९. म्हणजे ७८ अंशांच्या कॅमेऱ्यापासून एक मीटरवर बसलात तर १४१ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा दिसेल, अर्ध्या मीटरवर बसलात तर ७० सेंटिमीटरचा. पुढचा सगळा हिशेब म्हणजे या गुणकाने एकदा गुणणं किंवा एकदा भागणं, बस.

कॅमेरा लॅपटॉपमध्येच असेल आणि त्याचा कोन कुठे लिहिलेला नसेल, तर गुणक स्वतः काढता येतो. लॅपटॉप मोकळ्या भिंतीसमोर सरळ ठेवा, कॅमेरा भिंतीपासून बरोबर १०० सेंटिमीटरवर येईल असा. ज्या ॲपमधून तुम्ही नेहमी बोलता, त्याच ॲपमध्ये स्वतःचं चित्र उघडा. ते का, हे पुढे येईल. आता घरातल्या कुणाला तरी भिंतीवर बोट सरकवत न्यायला सांगा. बोट चित्राच्या डाव्या कडेला दिसेनासं होतं तिथे पेन्सिलीची खूण करायची, उजवीकडेही तसंच. दोन खुणांमधलं अंतर १३६ सेंटिमीटर भरलं तर तुमचा गुणक १.३६. हा आकडा खोक्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त विश्वासाचा, कारण तो तुमच्या कॅमेऱ्याचा आणि तुमच्या ॲपचा मिळून आहे.

आता माणसांचं माप. एक ठरावीक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका फ्लॅटमधलं जोडपं परदेशातल्या मराठी मुलांना रविवारी ऑनलाइन गोष्टी सांगतं. ती गोष्ट सांगते, तो चित्रं काढून कॅमेऱ्याला दाखवतो. टेबल नेहमीचंच, चार फूट बाय दोन फूट, म्हणजे १२० बाय ६० सेंटिमीटर. मागच्या बाजूला २४ इंची मॉनिटर त्याच्या स्टँडवर उभा आहे आणि कॅमेरा त्याच्या माथ्यावर अडकवलेला. मॉनिटरचा स्टँड मागे थोडी जागा खातो आणि माणसाचा चेहरा टेबलाच्या कडेपासून वीतभर मागे असतो. त्यामुळे चेहऱ्यापासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर ७० सेंटिमीटरच्या आसपास येतं.

मोठ्या माणसाचे खांदे साधारण ४५ सेंटिमीटर रुंद धरावेत. पण दोन माणसं किती जवळ बसू शकतात, हे खांदे ठरवत नाहीत. ते खुर्च्या ठरवतात आणि लोक नेमकं हेच विसरतात. हातांची फिरती खुर्ची सहज ६५ सेंटिमीटर रुंद असते. अशा दोन खुर्च्या एकमेकींना चिकटवल्या तरी दोघांच्या नाकांमध्ये ६५ सेंटिमीटर अंतर राहतं. बाहेरच्या खांद्यापासून बाहेरच्या खांद्यापर्यंत मोजलं तर ६५ अधिक ४५, म्हणजे ११० सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर मोकळी जागा हवी, कारण माणूस बोलताना हलतो. म्हणजे एकूण गरज १३० सेंटिमीटरची.

यात कॅमेरे बसवून पाहू. ७० सेंटिमीटरवर ७८ अंशांचा कॅमेरा ९९ सेंटिमीटर दाखवतो. चेहरे आत राहतात, पण दोघांचेही बाहेरचे खांदे कापले जातात आणि कुणी जरा बाजूला झुकलं की कान गेला. ६५ अंशांचा कॅमेरा ७८ सेंटिमीटरच दाखवतो, म्हणजे माणसं अगदी स्थिर बसली तरी कान कडेला कापले जाणार. ९० अंशांचा १२२ सेंटिमीटर दाखवतो. खांदे मावतात, पण बाजूची मोकळी जागा सहा सेंटिमीटरच उरते. म्हणजे इथे ‘वाइड’ घेऊनसुद्धा चौकट नीट बसलेली नाही.

आता खुर्च्या बदलू. जेवणाच्या टेबलाच्या बिनहाताच्या दोन साध्या खुर्च्या आणल्या तर नाकांमधलं अंतर ५० सेंटिमीटरवर येतं. खांद्यांची एकूण रुंदी ९५ आणि मोकळ्या जागेसह गरज ११५ सेंटिमीटरची. एक पैसाही खर्च न करता पंधरा सेंटिमीटर वाचले. ११५ ला १.४१ ने भागलं की ८२ सेंटिमीटर येतात. म्हणजे दोघांनी खुर्च्या फक्त १२ सेंटिमीटर मागे घेतल्या, तर साधा ७८ अंशांचा कॅमेरा पुरतो. ९० अंशांच्या कॅमेऱ्याला ११५ भागिले १.७४, म्हणजे ६६ सेंटिमीटर लागतात. तो आहे त्याच जागी पुरला असता. ६५ अंशांच्या कॅमेऱ्याला मात्र १०४ सेंटिमीटर हवेत आणि ५५ अंशांच्या स्वस्त कॅमेऱ्याला सव्वा मीटरच्या वर. टेबलाशी बसून दोघांनी बोलण्यासाठी ५५ अंशांचा कॅमेरा घेऊ नये. तो एका चेहऱ्यासाठी चांगला आहे, दोघांसाठी नाही.

मागे सरकणं आणि कोन वाढवणं, या दोन्हींनी चौकट भरते. मग फरक कशात पडतो? फरक पडतो तो चेहऱ्यांच्या आकारात आणि तो समजून घेण्यासाठी एक प्रयोग करून पाहावा. एक ताट आणि एक चेंडू घ्या, मुलांचा फुटबॉल असला तर उत्तम. ताट कॅमेऱ्याकडे तोंड करून, पडद्याला समांतर धरा आणि चित्राच्या मधून हळूहळू कडेला न्या. चांगल्या भिंगाचा कॅमेरा असेल तर ताट कडेलाही गोलच राहतं. आता चेंडू तसाच कडेला न्या. तो आडवा ताणला जाऊन अंडाकृती होतो. कॅमेरा बिघडलेला नाही. सरळ रेषा सरळ ठेवणारं भिंग सपाट वस्तू जशीच्या तशी दाखवतं, पण घन वस्तू कडेकडे ताणतं. माणसाचं डोकं ताटासारखं सपाट नाही, ते चेंडूच्या जातीचं आहे.

ताण किती, हेही सांगता येतं. ९० अंशांच्या कॅमेऱ्याच्या अगदी कडेला डोकं सुमारे एक तृतीयांशाने जास्त रुंद दिसतं. ७८ अंशांच्या कडेला साधारण एक पंचमांशाने आणि ६५ अंशांच्या कडेला सातव्या हिश्शाने. पण आपली माणसं कडेला नाहीत. कॅमेरा दोघांच्या बरोबर मध्ये असेल आणि ११५ सेंटिमीटरची चौकट नीट भरली असेल, तर डोकी मध्यापासून अर्ध्या वाटेच्याही आतच असतात. तिथे ९० अंशांत ताण सात टक्क्यांचा असतो आणि ७८ अंशांत पाच टक्क्यांच्या आत. हा फरक कुणाच्या डोळ्याला खुपत नाही. म्हणून ‘वाइड कॅमेऱ्यात चेहरे बिघडतात’ हे सरसकट खरं नाही. माणूस कडेला गेला की ते खरं होतं.

आणि माणूस कडेला का जातो? बहुतेक घरांत मॉनिटर एकाचाच असतो आणि तो त्याच्याच खुर्चीसमोर असतो. कॅमेरा मॉनिटरवर. दुसरं माणूस खुर्ची ओढून शेजारी येऊन बसतं. आपल्या उदाहरणात बिनहाताच्या खुर्च्या आहेत आणि अंतर ८२ सेंटिमीटर आहे. कॅमेरा त्याच्या नाकासमोर असेल तर ती मध्यापासून ५० सेंटिमीटर बाजूला जाते. ७८ अंशांचा कॅमेरा मध्यापासून ५८ सेंटिमीटरपर्यंत दाखवतो, म्हणजे तिचा कान बरोबर कडेला टेकतो, खांदा बाहेर जातो आणि चेहरा १७ टक्क्यांनी ताणला जातो. दुसऱ्या बाजूला मात्र रिकामी भिंत दिसत राहते. इथे नवा रुंद कॅमेरा आणणं हा चुकीचा उपाय आहे. मॉनिटर २५ सेंटिमीटर बाजूला सरकवला, किंवा कॅमेरा काढून दोघांच्या मध्ये लहानशा तिपाईवर ठेवला, की प्रश्न मिटतो. चित्रात एका बाजूला रिकामी भिंत आणि दुसऱ्या बाजूला कापलेला खांदा दिसला, तर दोष कोनाचा नाही, जागेचा आहे, असं खुशाल समजावं.

दोन मॉनिटर शेजारी शेजारी असतील तर कॅमेरा त्यांच्या फटीवर यायला हवा. मग बोलण्याची खिडकीही एका मॉनिटरच्या आतल्या कडेला, कॅमेऱ्याच्या जवळ ओढून घ्यावी. नाहीतर दोघं दोन दिशांना पाहत बोलतात आणि समोरच्याला वाटतं, यांचं आपल्याकडे लक्षच नाही.

कडेचा ताण आवाक्यात ठेवता येतो, पण जवळीक आवरता येत नाही. रुंद कोनाचा खरा तोटा तिथे आहे. रुंद कोन तुम्हाला कॅमेऱ्याजवळ बसू देतो आणि जवळ बसलं की पुढे-मागे होण्याचा परिणाम मोठा दिसतो. आपल्या उदाहरणातला चित्र काढणारा माणूस बोलताना वीसेक सेंटिमीटर पुढे झुकतो. ९० अंशांच्या कॅमेऱ्यापासून तो ६६ सेंटिमीटरवर बसला असेल तर झुकल्यावर त्याचं डोकं ४३ टक्क्यांनी मोठं दिसतं. ७८ अंशांच्या कॅमेऱ्यापासून ८२ सेंटिमीटरवर असेल तर ३२ टक्क्यांनी आणि १०४ सेंटिमीटरवर असेल तर २४ टक्क्यांनी. शेजारी सरळ बसलेली बायको तेवढीच राहते. मग पडद्यावर एक मोठं डोकं आणि एक लहान डोकं असं विजोड चित्र उमटतं. नाक मोठं आणि कान लहान दिसण्याचं कारणही हेच. ते भिंगामुळे होत नाही, अंतरामुळे होतं. त्यामुळे मागे सरकायला जागा असेल तर मी आधी मागे सरकेन आणि कोनाचा विचार नंतर करेन.

मागे सरकण्यालाही मर्यादा आहेत. ८० सेंटिमीटरपर्यंत हात कीबोर्डला कसेबसे पोचतात. एक मीटरवर ते पोचत नाहीत. मग पानं उलटण्यासाठी कुणाला तरी सारखं पुढे यावं लागतं किंवा वायरलेस माउस मांडीवरच्या वहीवर घ्यावा लागतो. दुसरी अडचण आवाजाची. वेबकॅममध्ये बसवलेला माइक अंतर वाढलं की तुमचा आवाज कमी आणि खोलीचा घुमार जास्त पकडतो. फरशी आणि उघड्या भिंतींच्या आपल्या खोल्यांत तो लवकर जाणवतो. समोरचे लोक ‘जरा लांबून आवाज येतोय’ म्हणू लागले, तर खुर्च्या पुढे आणण्याऐवजी टेबलावर दोघांच्या मध्ये एक वेगळा माइक ठेवावा. चित्राला अंतर हवं असतं आणि आवाजाला जवळीक. एकाच यंत्राकडून दोन्ही मागितलं की काहीतरी सोडावं लागतं.

टेबल भिंतीला लागलेलं असेल आणि पाठीमागे लगेच पलंग असेल, तर मागे सरकताच येत नाही. दोघांनाही बोलता बोलता टाइप करायचं असेल, तरीही नाही. अशा ठिकाणी ९० अंशांचा कॅमेरा घ्यावा आणि त्याबद्दल मनात किंतू ठेवू नये. मात्र १०० अंशांच्या वर जाऊ नये. तिथे कडेचं डोकं जवळजवळ दीडपट रुंद होतं, किंवा तो ताण टाळण्यासाठी भिंग सरळ रेषाच वाकवतं. रेषा वाकतात की नाही, हेही ताटाने आणि दाराने कळतं. कडेला नेलेलं ताटच दबून वेडंवाकडं दिसलं, दाराची चौकट बाहेरच्या बाजूला फुगली, तर भिंग वाकडं आहे आणि त्याला सेटिंगमध्ये फारसा उपाय नाही. फोनचा कॅमेरा वेबकॅम म्हणून वापरत असाल तर त्यातला अर्ध्या पटीचा, म्हणजे ०.५ लिहिलेला कोन याच जातीचा असतो. आयफोनवर तो १२० अंशांचा आहे. दोघांच्या टेबलासाठी तो नको, १ लिहिलेला मुख्य कॅमेराच ठेवावा आणि फोन थोडा मागे न्यावा.

रुंद कोनात खोली किती दिसते, याचाही हिशेब त्याच गुणकाने होतो. कॅमेऱ्यापासून मागची भिंत अडीच मीटरवर असेल, तर ९० अंशांत तिथे सव्वाचार मीटरहून जास्त रुंदी दिसते आणि ६५ अंशांत पावणेतीन मीटर. दहा फुटी खोली तीन मीटरच रुंद असते. म्हणजे ९० अंशांत मागची भिंत संपून दोन्ही बाजूंच्या भिंतीही आत येतात. एका बाजूला खिडकी असेल तर तिचा उजेड चित्रात शिरतो, कॅमेरा त्या उजेडाला पाहून स्वतःहून चित्र गडद करतो आणि दोघांचे चेहरे काळवंडतात. चेहरे अचानक काळे पडले तर आधी कडेला खिडकी आली आहे का, ते पाहावं. पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय हा यावरचा खात्रीचा उपाय नाही. एका माणसावर ती बरी चालते, पण दोघं असतील तेव्हा बाजूच्या माणसाचा खांदा किंवा हातातलं चित्रही कधीकधी पार्श्वभूमी समजून पुसून टाकते.

आता चेहऱ्यांच्या स्पष्टपणाकडे येऊ, कारण रुंद कोनाने चेहरे धुरकट होतात अशी तक्रार नेहमी असते. बोलण्याच्या ॲपमधून बऱ्याचदा १२८० बाय ७२० टिंबांचं चित्र जातं आणि इंटरनेट मंद असेल तर त्याच्या निम्म्या रुंदीचं. ही १२८० टिंबं चौकटीच्या रुंदीवर वाटली जातात. चौकट ११५ सेंटिमीटरची असेल तर प्रत्येक सेंटिमीटरला अकरा टिंबं येतात आणि १५ सेंटिमीटरच्या चेहऱ्याला साधारण १६५. गंमत अशी की ही चौकट तुम्ही ९० अंशांनी जवळून भरली की ६५ अंशांनी लांबून, याने काही बिघडत नाही. चेहऱ्याला तेवढीच टिंबं मिळतात. बिघडतं केव्हा, तर चौकट गरजेपेक्षा मोठी घेतली की. ९० अंशांचा कॅमेरा लावून ८२ सेंटिमीटरवर बसलात तर चौकट १४३ सेंटिमीटरची होते, चेहऱ्याला १३५ टिंबंच उरतात आणि बाकीची कपाटावर खर्च होतात. मंद इंटरनेटवर तीही निम्मी होतात. डोळ्यांतले भाव जायला एवढं पुरेसं असतं.

म्हणूनच कोन बदलता येणारा कॅमेरा दोघांच्या टेबलाला सर्वांत सोयीचा. अशा कॅमेऱ्यात अरुंद कोन निवडला की भिंग हलत नाही. मधला भाग ठेवून कडा कापल्या जातात, एवढंच. १९२० टिंबांच्या ९० अंशी कॅमेऱ्यात ७८ अंश निवडले तर साडेपंधराशे टिंबं उरतात. ॲप पाठवतं त्याहून ती जास्त आहेत, म्हणजे नुकसान शून्य. ६५ अंश निवडले तर बाराशेच्या थोडी वर उरतात, तिथे ती किंचित कमी पडतात. रुंद कॅमेरा असा अरुंद करता येतो, अरुंद कॅमेरा मात्र रुंद करता येत नाही. किमतीत फार फरक नसेल तर ९० अंशांचा आणि कोन निवडू देणारा कॅमेरा घ्यावा, असं मी सुचवेन. तो वापरायचा मात्र जेवढ्यास तेवढ्या कोनावर.

काही यंत्रं हे कापणं स्वतःच करतात. ॲपलने २०२१ च्या आयपॅड प्रोपासून सेंटर स्टेज नावाची सोय आणली. तिच्यात बराच रुंद कॅमेरा माणसाचा माग काढत चौकट हलवतो आणि दुसरं माणूस आलं की चौकट मोठी करतो. गप्पांसाठी ही सोय छान आहे. पण दोघांपैकी एक वाकून चित्र उचलतो, परत बसतो, पुन्हा वाकतो, तेव्हा चौकट सतत सरकत राहते आणि पाहणाऱ्याला त्रास होतो. दोघांची जागा ठरलेली असेल तर ती बंद ठेवून चौकट पक्की करणं बरं.

आता ॲपची गोष्ट. तुम्ही नीट मोजून चौकट लावली, तरी पलीकडे ती तशीच पोचेल असं नाही. जुन्या चारास तीन प्रमाणाच्या चित्रात बरेच वेबकॅम बाजूच्या कडा कापतात, म्हणून ॲपमध्ये रुंद चित्राचा पर्याय निवडलेला आहे की नाही, ते पाहावं. समोरचं माणूस फोन उभा धरून पाहत असेल तर काही ॲप उभी जागा भरण्यासाठी आडव्या चित्राच्या दोन्ही कडा छाटतात आणि नेमके तुम्ही दोघंच छाटले जाता. मधली मोकळी जागा आणि दोन अर्धे चेहरे उरतात. तुमच्या पडद्यावर हे कधीच दिसत नाही. त्यामुळे पहिल्या वेळी पलीकडच्याला त्याच्या पडद्याचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगावं. चेहरे कापले जात असतील तर त्याला फोन आडवा धरायला सांगणं, हाच सर्वांत सोपा इलाज.

आपल्या पुण्याच्या जोडप्याची शेवटची मांडणी अशी होईल. हातांच्या खुर्च्या जाऊन जेवणघरातल्या दोन खुर्च्या आल्या. मॉनिटर सरकवून कॅमेरा दोघांच्या मध्ये आला. खुर्च्यांची तोंडं किंचित आत वळवली, म्हणजे दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर राहतात आणि आतले खांदे एकमेकांवर थोडे आले तरी जोडी मोकळी दिसते. चेहरे कॅमेऱ्यापासून ८२ सेंटिमीटरवर. ७८ अंशांत तिथे उभी जागा ६५ सेंटिमीटर दिसते. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असेल आणि सरळ पाहत असेल तर डोळे बरोबर मध्ये येतात आणि डोक्यावर भिंतच भिंत उरते. कॅमेरा सात-आठ अंश खाली झुकवला की डोळे वरच्या एक तृतीयांशावर येतात आणि खाली टेबलाची कड व हातातलं चित्र दिसू लागतं. त्याहून जास्त झुकवू नये, दारं-कपाटं तिरपी दिसू लागतात. तो तिच्यापेक्षा उंच असेल तर तिच्या खुर्चीवर एक जाड उशी घालावी. डोळ्यांच्या उंचीत चार-पाच सेंटिमीटरचा फरक राहिला तर तो चांगलाच दिसतो.

चित्र दाखवताना ते कॅमेऱ्याच्या तोंडाशी न्यायचा मोह होतो. त्याऐवजी कॅमेऱ्यापासून ५५ सेंटिमीटरवर, दोघांच्या मध्ये, कागद पडद्याला समांतर धरावा. ए-फोर कागद आडवा धरला तर तो जवळजवळ ३० सेंटिमीटर रुंद असतो आणि त्या अंतरावर चौकट ७८ सेंटिमीटरची होते. म्हणजे चित्र पडद्याच्या एक तृतीयांशाहून जास्त जागा व्यापतं, मुलांना नीट दिसतं आणि दोघांचे चेहरेही दोन्ही बाजूंना राहतात. कागद सपाट असल्याने तो ताणलाही जात नाही. एकदा सगळं जुळलं की खुर्च्यांच्या मागच्या पायांशी फरशीवर रंगीत चिकटपट्टीचे चार तुकडे लावून ठेवावेत. पुढच्या रविवारी खुर्च्या त्या खुणांवर ठेवल्या की मोजपट्टी काढावी लागत नाही.